दोन शर्टांचा फोटो

"तो मला त्याच्या दुसऱ्या डेट्सबद्दल अगदी सहज सांगतो, वर माझं मतही विचारतो. याचा अर्थ काय समजायचा?"

2016 मधल्या एका शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या फोनवर एक फोटो आला. पलंगावरच्या चादरीवर दोन शर्ट शेजारी शेजारी पसरलेले होते, एक बारीक रेघांचा निळा आणि दुसरा पांढरा. खाली लिहिले होते, "उद्या तिला भेटतोय. कोणता घालू?" फोटो पाठवणाऱ्याची आणि माझी ओळख डेटिंग अ‍ॅपवर झाली होती. सात आठवड्यांत आम्ही पाच वेळा भेटलो होतो आणि तो मला आवडू लागला होता. मी फोटो मोठा करून पाहिला, निळ्या शर्टाची कॉलर चुरगळलेली दिसली, म्हणून "निळा, पण इस्त्री कर" असे कळवले. फोन खाली ठेवल्यावर मला झोप लागली नाही.

त्या रात्री मला न कळलेला आणि नंतर सावकाश उमगलेला फरक असा, की दुसऱ्या भेटींबद्दल सांगणे ही एक गोष्ट आहे आणि त्याबद्दल मत विचारणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. सुरुवातीच्या भेटींमध्ये, कोणी कोणाला शब्द दिलेला नसताना, "मी आणखी कोणाकोणाला भेटतो आहे" असे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे, आणि ते लपवणाऱ्यापेक्षा सांगणारा मला केव्हाही बरा वाटतो. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमांतही हेच चालत आले आहे. माझ्या मोठ्या बहिणीसाठी स्थळे पाहत होते तेव्हा "अजून दोन ठिकाणी जायचे आहे, मग कळवतो" असे मुलाकडचे सरळ सांगत आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. पण पोह्यांची बशी हातात घेऊन एकाही मुलाने माझ्या बहिणीला असे विचारले नाही, की परवा पाहिलेली साताऱ्याची मुलगी जरा अबोल वाटली, तुम्हाला काय वाटते? तो प्रश्न मावशीला विचारला जातो, मित्राला विचारला जातो, नाहीतर मध्यस्थाला विचारला जातो. जिच्याशी लग्न होऊ शकते तिला तो कोणी विचारत नाही, कारण तिचे मत निःपक्षपाती असू शकत नाही हे विचारणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणूनच असे मत सहजपणे विचारणाऱ्याने, बहुतेक वेळा स्वतःच्याही नकळत, तुम्हाला मध्यस्थाच्या जागी बसवलेले असते. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. तुमच्याजवळ त्याला मोकळे वाटते, तुमच्या बुद्धीवर त्याचा विश्वास असतो, आणि हे दोन्ही खरे असते. घोटाळा इतकाच होतो, की हा विश्वास हीच जवळीक आहे, आणि ही जवळीक आज ना उद्या दुसरे रूप घेईल, असे ऐकणारी व्यक्ती धरून चालते. मीही तसेच धरून चालले. त्याने विचारले, "तिने रविवारी आईबरोबर जायचंय म्हणून सांगितलं, ही टाळाटाळ असेल का?" मी तिची बाजू समजावून सांगितली. डेक्कनवर फार गर्दी असते, त्यापेक्षा औंधला शांत जागा आहे, हेही मीच सुचवले, आणि एकदा तर तिला पाठवायचा मेसेज मी लिहून दिला. ते सगळे करताना मी त्याच्या आयुष्यात महत्त्वाची होत आहे असे मला वाटत होते.

खरे काय ते आमच्या भेटींचे वार सांगत होते. मला मंगळवार किंवा गुरुवार मिळे, ऑफिस सुटल्यावर, घरी जाण्याच्या वाटेवर, आणि नऊ वाजता तो उठे. तिच्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखलेली असे, शर्ट ठरवला जात असे, टेबल आधी सांगून ठेवलेले असे. माझ्याकडे येताना त्याने कोणता शर्ट घालावा हे कोणालाही विचारले नसणार. तुमच्या बाबतीत काय चालले आहे हे कळून घ्यायचे असेल, तर तो काय बोलतो यापेक्षा त्याचा सुटीचा दिवस कोणाकडे जातो हे पाहा, आणि ज्यांच्याबद्दल तो तुम्हाला सांगतो त्यांना तुमच्याबद्दल काय सांगतो हे एकदा सरळ विचारा. "माझी एक मैत्रीण आहे" असे उत्तर आले, तर तुमचे स्थान त्याने दुसऱ्या कोणाजवळ केव्हाच जाहीर केलेले आहे.

एक शक्यता मात्र उलट्या दिशेची आहे. काही माणसे तुमचा चेहरा पाहण्यासाठीच दुसऱ्याचे नाव काढतात. ग्रेगरी व्हाइट या मानसशास्त्रज्ञाचा मुद्दाम मत्सर जागवण्याविषयीचा एक अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष वेधून घेणे आणि नाते पारखून पाहणे अशी कारणे त्यात पुढे आली, आणि ज्या स्त्रियांना आपण जोडीदारापेक्षा जास्त गुंतलो आहोत असे वाटत होते त्यांच्यात हे वागणे अधिक दिसले. म्हणजे असे करणारी व्यक्ती उदासीन असतेच असे नाही, कधी कधी तीच जास्त गुंतलेली असते. ओळखायचे कसे? खरा सल्ला हवा असलेल्याच्या प्रश्नात तपशील असतो: काय उत्तर देऊ, कुठे भेटू, किती वाजता फोन करू. पारख करणाऱ्याच्या बोलण्यात तुलना असते, "ती म्हणते मी फार छान ऐकून घेतो", आणि तुम्ही शांत राहिलात तर ती गोष्ट तिथेच संपते, कारण तिला पुढे काही नसतेच. तरीही, हेतू प्रेमाचा असला तरी मला ही रीत मान्य नाही. ज्याला विचारायचे आहे त्याने विचारावे. दुसऱ्याला टोचून त्याच्या कळवळण्यावरून उत्तर काढू नये.

दोन्ही बाबतींत करायचे एकच आहे, आणि ते लवकर करावे. सल्ला देणे थांबवावे आणि कारण सांगावे. "मला याविषयी मत देता येणार नाही, कारण मला तू आवडतोस" हे वाक्य मी शर्टांच्या फोटोनंतर बारा दिवसांनी उच्चारले. तो गोंधळला आणि म्हणाला, "अगं, मला वाटलं आपण छान मित्र झालोय." तो खोटे बोलत नव्हता. इतके आठवडे त्याने मला फसवले नव्हते, आणि तरी मला फार लागले.

माझ्या आतेबहिणीने गेल्या वर्षी हेच वाक्य तिच्या ओळखीच्या मुलाला सांगितले, मात्र दुसऱ्याच भेटीत. तो बराच वेळ गप्प राहिला, मग फक्त "बरं" म्हणाला. पुढचे दहा दिवस त्याचा मेसेज आला नाही आणि तिनेही केला नाही. मग एका बुधवारी त्याने विचारले, "रविवारी दुपारी मोकळी आहेस का?" त्या रविवारी त्याने दुसऱ्या कोणाचेही नाव काढले नाही, आणि निघताना तिने विचारायच्या आधीच, त्या दुसऱ्या मुलीला आपण नकार कळवला आहे, असे सांगितले.