"ताई, रिटर्नची तारीख आली" ते सविस्तर पत्र: आमची वाटचाल

कुडाळात आमचं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. अशिलांमध्ये काजू कारखानदार बरेच, शिवाय काही किराणा दुकानदार आणि होमस्टेवाले. पूर्वी दर महिन्याला सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच निरोप जायचा: "नमस्कार, जीएसटीची तारीख जवळ आली, कागद पाठवा." उत्तर यायचं, "हो ताई, बघतो." मग कुणी नुसतं बँक स्टेटमेंट पाठवायचं, कुणी सेल बिलांचे अंधुक फोटो, आणि खरी गरज असलेला कागद कारखान्यातच राहायचा.

त्या निरोपात कुठले कागद, कोणत्या तारखेपर्यंत आणि नाही दिले तर काय, यातलं काहीच नव्हतं. म्हणून प्रत्येक अशिलाच्या धंद्याप्रमाणे वेगळा ईमेल लिहायला घेतला. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्याचं उदाहरण सांगते. मे महिन्याचं काम, म्हणजे बी खरेदीचा जोर अजून ओसरलेला नसतो.

ईमेलच्या विषयातच सगळं सांगितलं: "मे महिन्याचा जीएसटी: 5 जूनपर्यंत तीन गोष्टी हव्यात." आत लिहिलं: "दादा, पहिली गोष्ट, मे महिन्यातली सगळी विक्रीची बिलं, रद्द केलेली आणि क्रेडिट नोटसुद्धा. दुसरी, शेतकऱ्यांकडून घेतलेल्या काजू बीची यादी: तारीख, नाव, गाव, किलो, रक्कम. तिसरी, मशिनरी, पॅकिंग, वाहतूक यांची खरेदी बिलं. सप्लायरनी पोर्टलवर भरलेली बिलं आम्हाला दिसतात, पण माल खरंच पोचला का, हे तुम्हीच सांगू शकता."

दुसऱ्या गोष्टीचं कारणही तिथेच दिलं. नोंदणीकृत कारखानदाराने शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी घेतली, की तिच्यावरचा 5 टक्के कर शेतकरी भरत नाही, खरेदीदार भरतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तो जुन्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही, पैसे भरूनच द्यावा लागतो, मग त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम विक्रीवरच्या करातून वजा करता येते. वहीच्या कोपऱ्यात लिहिलेली खरेदी आमच्यापर्यंत आली नाही, तर तो कर राहून जातो.

उशिराचा परिणाम लिहिताना मात्र जास्त विचार करावा लागला. समजा मे महिन्यात 8 लाखांची बी शेतकऱ्यांकडून घेतली. रिव्हर्स चार्ज 40,000 रुपये. जीएसटीआर-3बी, म्हणजे ज्यासोबत महिन्याचा कर भरतात तो फॉर्म, 20 जूनऐवजी 15 जुलैला भरला, तर 25 दिवसांचं 18 टक्के दराने व्याज सुमारे 493 रुपये आणि रोज 50 रुपयांप्रमाणे लेट फी 1,250 रुपये. एकूण 1,743. हा आकडा वाचून कारखानदार म्हणणार, "एवढंच ना? भरू." एवढ्यावर थांबलं, तर पत्राचा उपयोग नाही.

त्याला लागणारी गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याला 12 लाखांचे काजूगर पाठवले, त्यावर 60,000 जीएसटी. आपला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या तपशिलाचा फॉर्म, 11 जूनपर्यंत गेला, तर ते बिल 14 जूनला तयार होणाऱ्या व्यापाऱ्याच्या 2बी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं. 11 तारीख चुकली की ते पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटला जातं, आणि 60,000चं क्रेडिट महिनाभर लांबतं. व्यापारी मग तेवढी रक्कम पेमेंटमधून अडकवून ठेवतो. म्हणून ईमेलमध्ये लेट फीच्या आधी हे वाक्य ठेवलं: "11 जून चुकली, तर मुंबईचं 60,000 रुपयांचं पेमेंट अडकू शकतं." त्याखाली आणखी एक: "लागोपाठ दोन महिने 3बी राहिला, तर ई-वे बिल निघणं बंद होऊ शकतं, म्हणजे माल कारखान्यातून हलणार नाही." भीती घालायला एकही ओळ लिहायची नाही, हा नियम आम्ही पाळतो. जो परिणाम त्या अशिलाला लागू नाही, तो त्याच्या पत्रात नसतो. ज्या दुकानदाराची शेतकऱ्यांकडून बी खरेदी नाही, त्याच्या पत्रातून रिव्हर्स चार्जचा परिच्छेदच काढतो.

व्हॉट्सॲप सोडलेलं नाही. ईमेल गेला की तिथे एक ओळ जाते, कारण कारखान्यावर ईमेल कोण रोज उघडतो! पण मागणी आणि तारीख लिखित राहते, आणि "तुम्ही सांगितलंच नाही" यावरून वाद होत नाही.

आमची तारीख 5 ठेवण्यामागे जूनचा पाऊस आहे. वीज आणि नेट दोन्ही जातात, आणि पोर्टलवर शेवटच्या दिवशी गर्दी असते. 6 तारखेला ज्याचे कागद नाहीत, त्याला फोन करतो. विक्रीची बिलं आली आणि शेतकऱ्यांची यादी राहिली असेल, तर वाट बघत नाही. जीएसटीआर-1ला मुख्यतः विक्री लागते, तो आधी भरून टाकतो, आणि यादीसाठी 3बीपर्यंतचे उरलेले दिवस वापरतो. हे वाक्यही आता पत्रात आहे: "यादी तयार नसेल, तरी विक्रीची बिलं आज पाठवा."