चंद्राची अर्धी गोळी

डिचोलीच्या आमच्या फार्मसीत आज एक आजी आल्या. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन ५००, सकाळी एक आणि रात्री एक, जेवणानंतर. १५ दिवसांच्या ३० गोळ्या दिल्या होत्या, आज संपायला हव्या होत्या. पाकिटात साडेसात उरलेल्या! ती अर्धी गोळी बघूनच डोक्यात उजेड पडला.

आजींना वाचता येत नाही, म्हणून मीच पाकिटावर सूर्य आणि चंद्रकोर काढली होती. आजींनी सरळ अर्थ लावला: सूर्य पूर्ण, म्हणजे पूर्ण गोळी, चंद्र अर्धा, म्हणजे अर्धी. चूक माझीच. (वर कौतुकाने चांदणीही काढली होती, ती कशाला कोण जाणे.)

आज नवीन पाकिटावर सकाळसाठी कोंबडा आणि पेजेची वाटी, रात्रीसाठी जेवणाचं ताट आणि अंथरूण काढलं. प्रत्येक चित्राशेजारी गोळीच्याच आकाराचा एक भरीव गोल. मग "समजलं ना?" असं न विचारता म्हटलं, "आजी, आज रात्री कशी घेणार, दाखवा बघू." कारण "समजलं ना?"ला सगळे "हो"च म्हणतात.

आजींनी ताटावर बोट ठेवलं, मग गोलावर. "जेवून झाल्यावर ही अख्खी. पण बाबा, हा कोंबडा आहे की बदक?"