त्वचा, मेण आणि पान: एका पिक्सेल शेडरमधला माझा अनुभव

एका दृश्यात मला माणसाचा चेहरा, जाड मेणबत्ती आणि झाडाची पाने एकत्र दाखवायची होती. प्रकाश या तिन्हींच्या आत शिरून विखुरतो आणि मग बाहेर पडतो, पण हे विखुरणे खरोखर मोजायला प्रत्येक फ्रेममध्ये वेळ नव्हता. चेहरा आधी वेगळ्या टेक्श्चरमध्ये रंगवून धूसर करण्याची पद्धत मला माहीत होती, परंतु तिला जास्तीचे पास लागतात. म्हणून जे काही करायचे ते प्रकाशाच्या नेहमीच्या पासमध्ये, त्याच पिक्सेल शेडरच्या आत, असे मी ठरवले.

सुरुवात चेहऱ्यापासून केली. त्वचेत प्रकाश मुख्यतः आडवा पसरतो, त्यामुळे उजेड आणि सावली जिथे मिळतात तो पट्टा मऊ आणि किंचित लालसर दिसतो, कारण लाल प्रकाश हिरव्या-निळ्यापेक्षा दूरवर जातो. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रॅप लायटिंग. लँबर्टच्या `dot(N, L)` मध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा नॉर्मल `N` आणि प्रकाशाकडची दिशा `L` यांच्या बिंदू-गुणाकारात, एक छोटी संख्या `w` मिळवली की उजेड सावलीच्या बाजूला थोडा वळसा घेतो. एकूण प्रकाश वाढू नये म्हणून त्या बेरजेला `(1 + w)` च्या वर्गाने भागावे लागते. लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी `w` अनुक्रमे 0.40, 0.15 आणि 0.10 ठेवल्यावर `dot(N, L)` उणे 0.1 असलेल्या जागी लाल सुमारे 0.15, हिरवा 0.04 आणि निळा शून्य येतो. सावलीच्या कडेला हवा होता तो लालसरपणा नेमका असाच असतो.

मात्र या आकड्यांची दुसरी बाजू उजेडात दिसते. प्रकाशाकडे थेट तोंड केलेल्या जागी उत्तर `1 / (1 + w)` उरते, म्हणजे लाल 0.71, हिरवा 0.87 आणि निळा 0.91. परिणामी कपाळ आजारी माणसासारखे निळसर-हिरवट दिसू लागते. भागाकार काढून टाकला तर हा रंग जातो, पण चेहरा सर्वत्र उजळून सपाट होतो. याचे कारण असे की आडवा पसरलेला प्रकाश सावलीत पोहोचण्यासाठी पृष्ठभाग थोड्याच अंतरात वळायला हवा. नाकाच्या टोकावर तो तसा वळतो, कपाळावर जवळजवळ वळत नाही. कपाळाच्या मध्यावरून जेवढा लाल प्रकाश बाजूला जातो, तेवढाच शेजारून परत येतो. तेव्हा `w` हा स्थिरांक न ठेवता वक्रतेवर अवलंबून असायला हवा. एरिक पेनर यांनी 2011 मध्ये मांडलेल्या पूर्व-संकलित त्वचा-छटांकनाचा गाभाही हाच आहे. त्यात वक्रता आणि `dot(N, L)` यांवरून एका लहान टेक्श्चरमधून उत्तर वाचले जाते. मला टेक्श्चरही नको होते, म्हणून मी एवढेच केले:

```hlsl
float3 w = float3(0.40, 0.15, 0.10) * saturate(kappa * 0.01);
float3 diff = saturate((dot(N, L) + w) / ((1 + w) * (1 + w)));
```

येथे `kappa` म्हणजे त्रिज्येचा व्यस्त, मीटरच्या हिशेबात. नाकाच्या टोकाची त्रिज्या सुमारे 1 सेंटिमीटर धरली तर 100 येतात आणि `w` पूर्ण लागू होतो. कपाळाची 8 सेंटिमीटर धरली तर 12.5 येतात, `w` आठव्या हिश्शावर उतरतो आणि लाल 0.95 वर राहतो, म्हणजे हिरवट झाक नाहीशी होते. ही वक्रता `fwidth` वापरून शेडरमध्येच काढता येते, पण एका त्रिकोणावर ती जवळपास सारखीच राहत असल्याने गालावर मॉडेलचे त्रिकोण उमटतात. मी ती आधीच मोजून शिरोबिंदूंवर साठवली, आणि माझ्या मते हाच मार्ग धरावा. चकाकीला यातले काहीही लावू नये, कारण ती पृष्ठभागावरूनच परतते.

मेणबत्तीचा प्रश्न निराळा होता. तिथे प्रकाश मागून शिरून पुढे येतो, आणि त्याच जागेला शॅडो मॅप, म्हणजे प्रकाशाच्या जागेवरून दिसणाऱ्या पहिल्या पृष्ठभागाची खोली साठवणारा नकाशा, ‘सावली’ म्हणतो. आरपार येणाऱ्या प्रकाशाला त्या सावलीने गुणले तर तो शून्य होतो, आणि गुणले नाही तर भिंतीमागच्या दिव्यानेही मेण उजळते. जाडीचा नकाशा आधी बनवून ठेवण्याची रीत स्वस्त आहे, पण तो नकाशा प्रकाशाची दिशा जाणत नाही आणि भिंतीचा प्रश्नही सोडवत नाही. शॅडो मॅपमध्ये मात्र प्रकाश वस्तूत कुठे शिरला ती खोली आधीच लिहिलेली असते. तुलनेचे हो-नाही न विचारता ती खोली वाचली आणि पिक्सेलच्या खोलीतून वजा केली, की प्रकाशाने आत कापलेले अंतर हाती येते:

```hlsl
float3 Q = P - N * 0.002;
float t = max(0, lightDepth(Q) - shadowDepth(Q));
float back = saturate(0.3 - dot(N, L));
float3 trans = albedo * back * exp(-sigma * t);
```

दोन्ही खोल्या मीटरमध्ये आणि रेषीय हव्यात. `sigma` म्हणजे प्रकाश दर मीटरमागे किती वेगाने मावळतो ते, आणि मेणासाठी मी तो लाल, हिरव्या, निळ्याला 60, 110, 220 ठेवला. 5 मिलिमीटर जाडीतून लाल 0.74, हिरवा 0.58 आणि निळा 0.33 येतो, तर 30 मिलिमीटरमधून 0.17, 0.04 आणि जवळपास शून्य. त्यामुळे वरची पातळ कड पिवळसर उजळते आणि मधला भाग गडद तांबूस होत जातो. भिंत 2 मीटर मागे असली तर `t` एवढा मोठा होतो की प्रकाश आपोआप मावळतो, त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

पहिल्या ओळीतले 2 मिलिमीटर महत्त्वाचे आहेत. कडेच्या पिक्सेलसाठी शॅडो मॅपचा टेक्सेल वस्तूच्या बाहेर पडतो, मागच्या जमिनीची खोली परत येते, `t` शून्य होतो आणि मेणबत्तीभोवती झगझगीत रेघ उमटते. बिंदू नॉर्मलच्या उलट दिशेने थोडा आत ढकलला की ती जाते. दुसरी खूण पायऱ्यांची: 50 मीटरचा पल्ला 16 बिटांत बसवला तर एक पायरी सुमारे 0.76 मिलिमीटरची होते आणि कानाच्या पाळीसारख्या पातळ भागावर पट्टे दिसतात. 32 बिटांच्या नकाशाने ते मिटले. एक मर्यादा मात्र उरते. नकाशाला फक्त पहिला पृष्ठभाग माहीत असतो, त्यामुळे मेणबत्तीला टेकवलेला पुठ्ठाही मेणच धरला जातो आणि आतली पोकळीही भरीव ठरते.

पानाला यातले अंतर मोजणे लागतच नाही. ते एकाच पातळ थराचे असते, म्हणून प्रकाश मागच्या बाजूला असताना `saturate(-dot(N, L))` ला आरपार प्रकाशाच्या वेगळ्या रंगाच्या टेक्श्चरने गुणले की पुरते. हा रंग वरच्या हिरव्यापेक्षा पिवळा असतो आणि शिरा त्यात गडद असतात. अडचण आली ती सावलीच्या सरकवणीची. सावलीचे डाग टाळण्यासाठी बिंदू नॉर्मलच्या दिशेने सरकवतात, पण इथे नॉर्मल पाहणाऱ्याकडे, म्हणजे प्रकाशाच्या विरुद्ध असतो. त्यामुळे बिंदू पानाच्या मागे सरकतो, पान स्वतःच्याच सावलीत जाते आणि पूर्ण काळे दिसते. सरकवणीपुरता नॉर्मल `sign(dot(N, L))` ने गुणल्यावर ते उजळले. पानांसाठी मी शॅडो मॅपची नेहमीची हो-नाही तुलनाच ठेवली आहे, कारण तिच्यामुळे मागच्या पानाची सावली पुढच्या पानावर ठळक कडेने पडते, जी खोलीच्या वजाबाकीत पुसट होऊन जाते.