ब्रूनोला रक्त कुणाचं दिलं

जुळे सोलापुरात माझा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे. मे महिन्यातली गोष्ट आहे, बाहेर पारा 43 च्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि अशात एक लॅब्रॅडॉर चादरीत गुंडाळून आणला. नाव ब्रूनो, वजन 28 किलो. नाकातून रक्ताची धार थांबेना आणि ओठ वर करून हिरडी बघितली तर गुलाबी असायला पाहिजे ती भिंतीसारखी पांढरीफटक. कानाच्या आत बोट घातलं तर गोचिडी, पंजांच्या बेचक्यात पण गोचिडी. मालक म्हणाले, "डॉक्टर, चार दिवस जेवत नव्हता, उन्हामुळं असेल वाटलं."

रिपोर्ट आला, प्लेटलेट 18 हजार (किमान दीड-दोन लाख तरी पाहिजेत), आणि पीसीव्ही म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण 12 टक्के. साधारण 37 च्या पुढं असायला पाहिजे. एर्लिकिया, म्हणजे आपला गोचीड ताप. डॉक्सीसायक्लीन लगेच चालू केलं पण ते काम दाखवायला एक-दोन दिवस घेतं आणि ब्रूनोकडं तेवढा वेळ दिसत नव्हता. रक्त द्यायला लागणार होतं.

आता आमच्याकडं कुत्र्यांची ब्लड बँक नाही. फोनाफोनी करून डोनर शोधायचा. डोनर पाहिजे एक ते आठ वर्षांचा, तब्येतीनं चांगला, लसीकरण झालेला आणि मुख्य म्हणजे वजनदार, कारण एका वेळी किलोमागं साधारण 16 मिलीच्या वर रक्त काढायचं नाही. मालक म्हणाले, "आमच्या सोसायटीतली गावठी कुत्री घ्या ना, त्यांना काय होत नाही, दगडासारखी असतात."

हे वाक्य मी रोज ऐकतो आणि अर्धं खरं आहे. गावठी कुत्र्याची जात कुणी बसून तयार केलेली नाही, अंगावर आखूड केस, सडपातळ बांधा, लांब नाक, म्हणजे सोलापूरच्या उन्हात धापा टाकून अंग थंड करायला लागतं ते सगळं आहे. पग किंवा हस्की इथं मे महिन्यात एसीशिवाय कसे काढतात ते मला विचारा. (मुधोळ, कारवान ही पण देशीच, पण ती शिकारीसाठी माणसानं जपलेली, तो विषय वेगळा.) पण हा काटकपणा येतो कुठून, तर रस्त्यावर जन्मलेली बहुतेक पिल्लं वर्षाची व्हायच्या आतच जातात, पार्व्होनं, डिस्टेंपरनं, गाडीखाली. जी दिसतात ती उरलेली. आणि उरलेल्याला आजार होत नाही असं नाही, तो अंगावर काढतो.

त्या दिवशी ते डोळ्यासमोर दिसलं. वॉचमन मामा ज्याला खायला घालतात तो राजा, तांबूस रंगाचा, शेपटी वर वळलेली, गाडीमागं पळणारा, तुकतुकीत. कुणीही म्हणेल फिट आहे. लसीकरण मामांनी करून घेतलेलं होतं म्हणून त्याचं सँपल घेतलं. प्लेटलेट 70 हजार! आणि किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह. म्हणजे हेच जंतू ब्रूनोला लोळवत होते आणि राजा ते अंगात घेऊन टू-व्हीलरच्या मागं पळत होता. त्याचं रक्त न तपासता चढवलं असतं तर ब्रूनोला आजाराचा अजून एक डोस दिल्यासारखं झालं असतं. पॉझिटिव्ह किट म्हणजे आत्ता आजारी आहेच असं नसतं, जुन्या इन्फेक्शनच्या अँटीबॉडी पण दाखवतं, पण प्लेटलेट पण कमी म्हटल्यावर शंका राहिली नाही. दुसरा कुत्रा 14 किलोचा निघाला, तो सोडूनच दिला.

शेवटी आठवला भुऱ्या. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागावर काम करणारं कुटुंब, तेलुगू बोलणारं, त्यांनी दोन महिन्यांचं पिल्लू गल्लीतून उचलून वाढवलेलं. वय चार, वजन 22, नसबंदी झालेली, दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन, आणि आज्जी दर रविवारी त्याला आडवा पाडून गोचिडी बघतात, वर मानेवर टाकायचं औषध पण वेळेवर. मी फोन केला तर आज्जी त्याला घेऊन स्वतः रिक्षातून आल्या. किट निगेटिव्ह, प्लेटलेट अडीच लाख, पीसीव्ही 45.

हिशोब केला. ब्रूनोला 12 वरून 20 वर न्यायचं तर साधारण साडेचारशे मिली लागतं, आणि भुऱ्याकडून घेता येतं जास्तीत जास्त 350. म्हणजे 18 च्या आसपास पोचेल. चालेल, हिरड्यांना रंग येण्याइतकं पुरतं. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना गट न जुळण्याचा त्रास सहसा होत नाही, तरी ब्रूनोचा सीरम आणि भुऱ्याच्या पेशी काचेवर एकत्र करून गुठळ्या होतात का बघितलं. नाही झाल्या.

रक्त मानेच्या शिरेतून काढतात, कुत्र्याला कुशीवर दहा-पंधरा मिनिटं न हलता पडावं लागतं. मोठमोठ्या ट्रेन केलेल्या कुत्र्यांना मी यासाठी झोपेचं औषध देतो. भुऱ्यानं आधी दवाखाना हुंगला, टेबलाकडं बघितलं, मग आज्जींकडं. आज्जी म्हणाल्या "कूर्चो", बसला. त्यांनी बोटानं टेबलाकडं दाखवलं, चढला. सुई टोचली तेव्हा एकदा डोळा फिरवून माझ्या हाताकडं बघितलं आणि परत नजर आज्जींच्या तोंडावर. बॅग खाली किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवलेली, ग्रॅम वाढताना मी बघत होतो, आणि आज्जी त्याच्या कानामागं खाजवत तेलुगूत काहीतरी रागवल्यासारखं बोलत होत्या. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये रस्त्यावरच्या, कुणी न शिकवलेल्या कुत्र्यांवर अभ्यास केला होता, त्यातली जी जवळ आली त्यातल्या बहुतेकांना माणसाचं बोट कुठं दाखवतंय ते कळलं. म्हणजे समज रस्त्यावरच असते, आज्जींनी त्यावर विश्वास बसवला एवढंच.

ब्रूनोला पहिला अर्धा तास थेंब थेंब दिलं, ताप चढतो का, अंगावर गांधी उठतात का बघत, मग वेग वाढवला, चार तासांच्या आत बॅग संपवली. संध्याकाळपर्यंत हिरडीवर फिकट गुलाबी आलं. दुसऱ्या दिवशी पीसीव्ही 18. डॉक्सी 28 दिवस चाललं.

ब्रूनोचे मालक नंतर म्हणाले आम्हाला पण असा गावठीच पाहिजे, राजालाच वर फ्लॅटमध्ये आणतो. मी म्हणालो थांबा. राजा मोठा झालाय, सोसायटीचा गेट हा त्याचा इलाका, तिसऱ्या मजल्यावर कोंडलात तर दार ओरबाडेल, रात्री प्रत्येक गाडीवर भुंकेल. मोठी कुत्री घरात रमतात, नाही असं नाही, पण महिनोन्महिने लागतात. पहिल्यांदाच पाळत असाल तर थंडीत पिल्लं होतात तेव्हा दोन महिन्यांचं घ्या. त्या वयात पोरं, पाहुणे, कुकरची शिट्टी सगळं दाखवायचं. आणि हे पण सांगितलं की लॅबसारखं कुणाच्याही गळ्यात पडणार नाही, अनोळखी माणसाला लांबच ठेवणार.

राजाला मात्र औषध चालू केलं, मामांच्या हातून. दुधातून डॉक्सी देऊ नका, नीट लागू पडत नाही, आणि गोळीनंतर पाणी पाजा, हे बजावलं. मामांनी भाकरीत गोळी घातली, राजानं भाकरी खाल्ली आणि गोळी स्वच्छ करून पायरीवर ठेवली. चपातीत, अंड्यात, तेच. शेवटी कोंबडीच्या कलेजीचे तीन तुकडे भराभर द्यायचे आणि मधल्यात गोळी, हे जमलं, कारण तिसरा तुकडा दिसत असला की तो दुसरा चघळत बसत नाही.