सवलतीच्या महिन्यानंतर : छोट्या ब्रँडचा माग ठेवताना आलेला अनुभव

आमचा व्यवसाय हाताने बनवलेल्या साबणांचा असून विक्री आमच्याच संकेतस्थळावरून होते. ब्रँडची ओळख वाढते आहे की नाही हे एखाद्या संशोधन संस्थेकडून तपासून घेणे परवडणारे नव्हते, म्हणून मी ग्राहकांची यादी, एक विनामूल्य प्रश्नावली आणि गूगल शोधात आपले संकेतस्थळ किती वेळा दिसले ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलमधील आकडे एवढ्यावरच काम सुरू केले.

पहिली प्रश्नावली मी आमच्याच ग्राहकांना पाठवली आणि अर्थातच जवळपास सर्वांनी आमचे नाव ओळखले. ज्यांनी साबण विकत घेतला आहे त्यांनाच नाव विचारण्यात अर्थ नाही, हे उत्तरे हातात आल्यावर लक्षात आले. त्यानंतर मी दर तिमाहीला ग्राहक नसलेल्या 100 जणांना, प्रत्येक वेळी एकाच मार्गाने गाठून, तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने विचारू लागले. आधी, ‘हाताने बनवलेला साबण म्हटल्यावर कोणती नावे आठवतात?’ आणि मगच सहा नावांची यादी. यादी आधी दाखवली तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातूनच येते. त्या सहांपैकी एक नाव मी मुद्दाम काल्पनिक ठेवले होते. पहिल्या फेरीत नऊ जणांनी तेही ओळखीचे असल्याचे सांगितले, त्यामुळे आमच्या नावापुढे पडलेल्या 23 खुणांकडे मी सावधपणे पाहू लागले.

याच सुमारास आम्ही एक महिना पहिल्या खरेदीवर मोठी सवलत दिली. त्यानंतरच्या फेरीत आमचे नाव आपण होऊन सांगणारे सहावरून दहावर गेले. मला फार आनंद झाला होता; परंतु इतक्या लहान आकड्यांवर 100 जणांच्या दोन फेऱ्यांमध्ये सात-आठ जणांचा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, हे गणित करून पाहिल्यावर त्या चारच्या वाढीवर काहीही ठरवता येणार नाही, असे मी वहीत लिहून ठेवले. एका फेरीऐवजी चार फेऱ्यांचा कल पाहायचा, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

खरा गोंधळ पुनर्खरेदीच्या आकड्याने केला. सवलतीच्या आधीच्या महिन्यात 200 ग्राहकांपैकी 80 जुने होते, म्हणजे 40 टक्के. सवलतीच्या महिन्यात 300 पैकी 90, म्हणजे 30 टक्के. जुने ग्राहक सोडून जात आहेत, अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात त्यांची संख्या दहाने वाढली होती. नवे ग्राहक अधिक आल्यामुळे छेद मोठा झाला आणि प्रमाण तेवढे खाली आले. एकाच महिन्याच्या विक्रीत जुने आणि नवे ग्राहक मोजण्याची ही पद्धत मी सोडून दिली.

त्याऐवजी प्रत्येक महिन्यात पहिल्यांदा आलेल्या ग्राहकांचा एक गट धरला आणि त्यांतले किती जण पहिल्या खरेदीपासून 90 दिवसांत परत आले ते मोजले. साबणांचा आमचा संच साधारण दोन महिने पुरतो, म्हणून ही मुदत निवडली. जास्त टिकणाऱ्या वस्तूसाठी ती वाढवावी लागेल. एकच व्यक्ती दोन ईमेल पत्त्यांवरून खरेदी करते, म्हणून नोंदी फोन क्रमांकावरून जुळवल्या. आधीच्या महिन्यातील 120 नव्या ग्राहकांपैकी 36 परतले, म्हणजे 30 टक्के. सवलतीच्या महिन्यातील 210 पैकी 38, म्हणजे जेमतेम 18 टक्के. सवलतीने आणलेले जवळपास सगळे जादा ग्राहक एका खरेदीपुरतेच होते, हे या दोन ओळींनी दाखवले आणि हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान नव्हता.

शोधांच्या बाबतीत गूगल ट्रेंड्सचा उपयोग झाला नाही. तिथे शोधांची प्रत्यक्ष संख्या न मिळता 0 ते 100 असे सापेक्ष मोजमाप मिळते आणि आमच्यासारख्या लहान नावापुढे बहुतेक आठवडे शून्यच दिसते. सर्च कन्सोलमध्ये मात्र आमचे नाव असलेल्या शोधांत संकेतस्थळ किती वेळा दिसले ते कळते, आणि स्वतःच्या नावाच्या शोधात आपण बहुधा सर्वांत वर असल्यामुळे तो आकडा शोधांच्या संख्येच्या जवळ जातो. अत्यंत विरळ शोध तिथे गोपनीयतेसाठी वगळले जातात, म्हणून मी केवळ चढ-उतार पाहते. नावाची देवनागरी, रोमन आणि चुकीची अशी सर्व रूपे गाळणीत घातल्यावर सवलतीपूर्वी आठवड्याला सुमारे 60, सवलतीत 150 आणि सहा आठवड्यांनी 75 असा क्रम दिसला. उसळी बव्हंशी ओसरली होती, आणि हे परतलेल्या ग्राहकांच्या हिशेबाशी जुळणारे होते.

पुढच्या वेळी आम्ही सवलत पहिल्या खरेदीवरून काढून दुसऱ्या खरेदीवर दिली. त्या महिन्याच्या गटासमोरचा रकाना सध्या रिकामा आहे. त्यांतल्या शेवटच्या ग्राहकाचे 90 दिवस पूर्ण होईपर्यंत मी तिथे आकडा लिहीत नाही, कारण मुदतीआधी मोजलेला गट नेहमीच खऱ्यापेक्षा कमकुवत दिसतो.