बाहेर ४२, अंगात १०२

मे महिन्यात इंदूरला कुणाच्याही घरी जा, एका दमात दोन मापं ऐकू येतात. "बाहेर बेचाळीस झालंय आणि त्यात पोरीला एकशे दोन ताप." हवा सेल्सिअसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये, आणि बोलणारा कुठेही अडखळत नाही. मीही लग्नाआधी असंच बोलायचे. लाइपझिगला राहायला गेल्यापासून मात्र आमच्या घरात ताप सेल्सिअसमध्येच मोजला जातो. तिथला थर्मामीटर ३८.५ दाखवतो, डॉक्टर ३८.५ लिहितात, आणि लेकीच्या जन्मापासूनच्या सगळ्या सूचना त्याच आकड्यांत आमच्या डोक्यात बसल्या आहेत.

यंदा सुट्टीत मी चार वर्षांच्या लेकीला घेऊन इंदूरच्या रामबागेत सासरी आले आणि नवरा कामासाठी तिकडेच राहिला. आठवड्याभरात पोरीला ताप भरला. सासूबाईंनी लगेच जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं करून त्यावर वेळ आणि ताप लिहायला घेतला. या बाबतीत त्या पक्क्या आहेत, आमच्या नवऱ्याचे लहानपणीचे तापसुद्धा त्यांनी असेच लिहून ठेवले होते म्हणे. कागद उत्तम होता. अडचण एवढीच की तो वाचणारी दोन माणसं दोन मापांची होती.

झालं असं. दुपारी साडेतीनला ताप १०३.२ होता. औषध दिलं. साडेपाचला १०१.२ भरला. आईंनी फोनवर आनंदाने सांगितलं, "अरे, दोन डिग्रीनं उतरलाय." दुपारचा आकडा नवऱ्याने आधीच सेल्सिअसमध्ये करून ठेवला होता, ३९.६. त्यातून त्याने दोन वजा केले आणि म्हणाला, "म्हणजे ३७.६. मग आता ताप असा नाहीच, आई. संध्याकाळी डॉक्टरांकडे कशाला नेताय?" आई गप्पच झाल्या, कारण पोर त्यांच्या मांडीवर होती आणि अंग चांगलं चटका बसेल इतकं गरम होतं.

आकडा कुणाचाच चुकीचा नव्हता. पण फॅरनहाइटची एक डिग्री लहान असते आणि सेल्सिअसची मोठी. सेल्सिअसच्या एका डिग्रीत फॅरनहाइटच्या १.८ डिग्री मावतात. म्हणून ताप फॅरनहाइटमध्ये दोनने उतरला, तर सेल्सिअसमध्ये तो जेमतेम १.१ ने उतरतो. पोरीचा ताप ३९.६ वरून ३८.४ वर आला होता, म्हणजे अजून अंगात होताच. शाळेतलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, ३२ वजा करा आणि १.८ ने भागा. पण ते सूत्र पूर्ण तापाला लावायचं, फरकाला नाही. किती चढला, किती उतरला हे काढायचं असेल तर ३२ ला हातच लावायचा नाही, नुसतं १.८ ने भागायचं. मोबाइलवरच्या मापबदलाच्या खिडकीत कुणी फरकाचे "२" टाकले, तर ती बिचारी उणे १६.७ सेल्सिअस असं उत्तर देते. एवढं विचित्र उत्तर आलं तर माणूस सावध तरी होतो. तोंडी हिशोबात ३७.६ सारखा सोज्वळ आकडा येतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

त्या रात्री मी त्याच कागदाच्या कडेला एक छोटा तक्ता लिहिला. घरात औषधाच्या दुकानातून मिळालेलं एक छापील कार्ड होतं, पण ते फॅरनहाइटच्या पूर्ण आकड्यांवर बेतलेलं. ९९, १००, १०१, १०२ असं खाली उतरत जायचं आणि समोर ३७.२, ३७.८, ३८.३, ३८.९ असे ओबडधोबड आकडे. कधी अर्ध्याची उडी, कधी ०.६ ची. एकही आकडा लक्षात राहत नाही आणि घाईत डोळा शेजारच्या ओळीवर घसरतो. त्याऐवजी तक्ता सेल्सिअसच्या बाजूने, अर्ध्या-अर्ध्या डिग्रीने लिहिला तर गंमत बघा:

३७.० — ९८.६
३७.५ — ९९.५
३८.० — १००.४
३८.५ — १०१.३
३९.० — १०२.२
३९.५ — १०३.१
४०.० — १०४.०

उजवीकडच्या रांगेतला आकडा वरून खाली वाचा. पूर्ण संख्या दर ओळीला एकने वाढते आणि टिंबानंतरचा आकडा एकने कमी होतो. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. कारण साधं आहे, सेल्सिअसची अर्धी डिग्री म्हणजे फॅरनहाइटची ०.९, म्हणजे एकाला एक दशांश कमी. ३७ म्हणजे ९८.६ एवढं माहीत असलं की बाकीच्या सहा ओळी रात्री दोन वाजता झोपेतसुद्धा मांडता येतात. हा तक्ता गोल केलेलाही नाही, सातही ओळी दशांशापर्यंत बरोबर आहेत.

मधल्या आकड्यांसाठी एकच गोष्ट लागते. फॅरनहाइटचे ०.२ म्हणजे सेल्सिअसचा साधारण ०.१. सासऱ्यांच्या कपाटात पाऱ्याचा जुना थर्मामीटर आहे, त्याच्यावरची प्रत्येक बारीक रेघ ०.२ चीच आहे, म्हणजे एक रेघ इकडे, तर एक दशांश तिकडे. समजा १०१.६ भरला. जवळची ओळ १०१.३, म्हणजे ३८.५. वर राहिले ०.३, त्याचे दीड-दोन दशांश. झाला ३८.७. सूत्राने काढलं तरी ३८.६७ येतो. आईंचा दुपारचा १०३.२ हा १०३.१ च्या ओळीला अगदी खेटून आहे, म्हणून ३९.६. संध्याकाळचा १०१.२ हा १०१.३ च्या किंचित खाली, म्हणून ३८.४. वजाबाकी-भागाकार कुठेच नाही.

आता या तक्त्यात आपल्याकडचा लाडका आकडा दिसत नाही, तो म्हणजे शंभर. आपल्याकडे तीन आकडी झाला की ताप, असं मनात घट्ट बसलंय. सेल्सिअसमध्ये शंभर म्हणजे ३७.८, आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टर तापाची रेषा ३८ ला, म्हणजे १००.४ ला मानतात. चार वर्षांच्या हिंडत्या-फिरत्या पोरीला या ०.४ ने फारसा फरक पडत नाही. पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हीच रेषा नीट पाहायची. तिथे १००.४ किंवा जास्त भरला तर औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. एखाद्या कार्डावर १०१ समोर नुसतं ३८ लिहिलेलं असतं, तसं गोल केलेलं कार्ड अशा घरात नकोच.

सासऱ्यांच्या त्या थर्मामीटरवर लाल बाण मात्र ९८.६ ला नाही, ९८.४ ला आहे. त्यांच्या पिढीचे लोक नॉर्मल म्हणून ९८.४ च सांगतात, ती इंग्रज डॉक्टरांची रीत. ९८.६ ची गोष्ट आमच्या लाइपझिगची आहे. तिथल्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांचे ताप काखेत मोजून १८६८ मध्ये पुस्तक काढलं आणि निरोगी माणसाचं तापमान साधारण ३७ धरलं. त्या गोल ३७ चं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं. टिंबानंतरचा तो सहा मापबदलातून आलाय, कुणी इतकं बारीक मोजलं म्हणून नाही. तेव्हा पोर खेळतंय आणि ९९.१ भरला, म्हणजे ३७.३, तर "कणकण आहे" म्हणून त्याला अंथरुणात कोंबण्याचं कारण नाही. संध्याकाळी तापमान सकाळपेक्षा थोडं जास्त असतंच. हे मी आईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पोरीला अंथरुणात कोंबलं.

कागदावर आणखी एक गोष्ट आम्ही लिहायला लागलो, ताप कुठे मोजला ते. लाइपझिगला आमच्याकडे कानाचा थर्मामीटर आहे, इथे काखेत लावतात. काखेतला आकडा सहसा कमी येतो, पण किती कमी हे दर वेळी सारखं नसतं. म्हणून "काखेतला आहे, एक डिग्री वाढवून सांगते" असं करू नये, कारण मग डॉक्टरही मनातल्या मनात वाढवतात आणि एक डिग्री दोनदा मोजली जाते. जो भरला तोच आकडा आणि पुढे "काख" एवढं लिहायचं. शेजारच्या काकू कपाळाला रोखायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. पोर नुकतीच गच्चीवरून उन्हातून आलेली, यंत्राने १००.८ दाखवला. कूलरसमोर नव्हे, आतल्या खोलीत थोडा वेळ बसवून काखेत लावला तर ९९.३. कपाळाची कातडी ऊन आणि वारा दोन्ही लगेच घेते, म्हणून ते आकडे आम्ही कागदावर घेतलेच नाहीत.

नवरा म्हणत होता, थर्मामीटरच सेल्सिअसवर करून टाका. ते होतं. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरमध्ये बंद असताना बटण थोडा वेळ दाबून धरलं की पडद्याच्या कोपऱ्यातलं °F जाऊन °C येतं. पण मी नको म्हटलं. एक तर ३८.९ आणि ९८.९ हे फोनवर सांगताना फार सारखे ऐकू येतात, विशेषतः सांगणारा पुढचा आकडा गिळून "आठ पॉइंट नऊ" म्हणाला तर. त्यातला एक चांगला १०२ चा ताप आहे आणि दुसरा ताप नाहीच. दुसरं म्हणजे पोरीजवळ दिवसभर आई असतात. १०१ ची पोर कशी किरकिर करते आणि १०३ ची कशी गळून पडते हे त्यांना आकड्याबरोबर ओळखता येतं, आणि ती ओळख फॅरनहाइटमधली आहे. औषधाचा डोसही तापावर नाही, पोरीच्या वजनावर ठरतो, त्यामुळे तिथे माप बदलून काहीच मिळत नव्हतं. यंत्र आईंच्या मापात राहिलं, आणि नवऱ्याला पाठवताना मी तेवढा आकडा बदलून पाठवला.

डॉक्टरांकडे आम्ही त्या संध्याकाळी गेलोच. त्यांनी घसा, कान आणि छाती तपासली, पोरीने पाणी किती प्यायलं, शू कितीदा केली ते विचारलं, आणि मग कागद मागितला. त्यावर आता प्रत्येक ओळीत वेळ, आकडा, F आणि "काख" असं होतं, औषध दिलं तिथे बाजूला फुली. वेळ इंदूरची. लाइपझिग उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, आणि दोन मापांच्या जोडीला दोन घड्याळं कागदावर आली असती, तर कुठलं औषध कधी दिलं हे कुणालाच कळलं नसतं. औषधानंतर ताप किती वेळात पुन्हा चढतो हे डॉक्टरांनी फुल्यांवरून पाहिलं, विषाणूचा ताप असावा म्हणाले आणि तिसऱ्या दिवशीही १०२ च्या वर राहिला तर रक्त तपासू असं सांगितलं. नवऱ्याला मी लिहिलं, ३८.९ च्या वर. तिसऱ्या दिवशी दुपारी ९९.७ भरला, रक्त तपासायची वेळ आली नाही.