देशाची जोखीम एकदाच मोजायची: डिस्काउंट रेट ठरवतानाचा माझा अनुभव

वसईतल्या एका पॅकेजिंग कंपनीच्या व्हॅल्युएशनचं काम हाती घेतलं, तेव्हा आधीच्या सल्लागाराची एक्सेल फाइलही सोबत आली. त्यात कॉस्ट ऑफ इक्विटी, म्हणजे भागधारकांना अपेक्षित परतावा आणि इथला डिस्काउंट रेट, 15 टक्के धरली होती. दहा वर्षांच्या जी-सेकचा, म्हणजे सरकारी रोख्याचा, यील्ड 7 टक्के, त्यावर शेअरच्या जादा जोखमीचा इक्विटी रिस्क प्रीमियम 8 टक्के आणि बीटा 1, म्हणजे कंपनीची जोखीम बाजाराइतकीच.

सुटे पाहिले तर दोन्ही आकडे रास्त वाटतात. म्हणून मी 8 ची फोड करून पाहिली. त्यातले 5 टक्के अमेरिकेसारख्या प्रगत बाजाराचा प्रीमियम होता आणि उरलेले 3 टक्के भारताची देशजोखीम. अडचण अशी की हीच देशजोखीम 7 टक्के यील्डमध्येही आहे. सरकार हवे तेवढे रुपये छापू शकतं, म्हणून जी-सेकला जोखीममुक्त म्हणायची आपल्याकडे सवय आहे. पण मूडीज या पतमानांकन संस्थेच्या लेखी भारत तेव्हा गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता. त्या पायरीचा डिफॉल्ट स्प्रेड, म्हणजे कर्ज बुडण्याच्या जोखमीपोटीचा जादा व्याजदर, मी 2 टक्के धरला आणि 7 मधून वजा केला. जोखीममुक्त दर उरला 5. प्रीमियममधले 3 टक्के याच स्प्रेडमधून येतात: शेअर रोख्यांपेक्षा जास्त हलतात, म्हणून 2 ला साधारण दीडने गुणायचं. एकूण दर 13 टक्के.

पुढच्या वर्षीचा रोख प्रवाह 10 कोटी आणि वाढ कायम 5 टक्के धरली, तर 15 टक्क्यांनी किंमत 100 कोटी येते आणि 13 टक्क्यांनी 125 कोटी. हिस्सा विकायला निघालेल्या मालकाचे 25 कोटी एकाच जोखमीच्या दुहेरी मोजणीत जात होते.

माझे वरिष्ठ म्हणाले, "सेन्सेक्सच्या जुन्या परताव्यावरूनच प्रीमियम काढ ना, भारताचाच आकडा मिळेल." मला ते पटलं नाही. वार्षिक चढउतार 25 टक्के असेल, तर 40 वर्षांच्या सरासरीतही प्रमाणत्रुटी 4 टक्क्यांच्या आसपास राहते. ज्या प्रीमियमचा शोध चाललाय तो 6-8 टक्क्यांचा, तिथे एवढ्या त्रुटीवर भिस्त कशी ठेवणार?

5 टक्केही मी डोळे झाकून घेतले नाहीत. एसएलआरच्या नियमामुळे बँकांना सरकारी रोखे ठेवावेच लागतात. त्या हुकमी मागणीने यील्ड दबतो, मग त्यातून स्प्रेड वजा केला की दर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकतो. पडताळा म्हणून डॉलरच्या बाजूने गेले. अमेरिकी रोखा 4 टक्के, महागाईची उद्दिष्टं इथे 4 आणि तिथे 2: 1.04 × 1.04 ÷ 1.02, म्हणजे जोखीममुक्त दर सुमारे 6 टक्के. त्यावर तेच 8 टक्के घातले की दर 14 आणि किंमत सुमारे 111 कोटी.

अहवालात मी 111 ते 125 कोटींचा पट्टा दिला. दोन्ही यील्ड मूल्यांकनाच्या तारखेचेच घेतले आणि ती तारीख शेजारी लिहिली.